एसओपी 'छाटून देतो' म्हणणाऱ्यांपासून सावध

लातूरच्या एका कन्सल्टन्सीनं माझ्या बहिणीला कसं गंडवलं ते लिहितोय. सध्या परदेशी मास्टर्सचे अर्ज भरणारी बरीच पोरं अशा ऑफिसांच्या पायऱ्या चढायलीत, म्हणून.

बहिणीला जर्मनीत जलविज्ञानात मास्टर्स करायचंय. हाच विषय का शिकायचाय हे सांगणारा अर्जासोबतचा निबंध म्हणजे एसओपी. तिनं स्वतः लिहिलेला एसओपी साडेतेराशे शब्दांचा झाला होता आणि मर्यादा होती आठशेची. "मजकूर तुमचाच राहील, आम्ही फक्त छाटतो," असं सांगून त्यांनी बारा हजार आगाऊ घेतले. आठवड्यानं पीडीएफ आली. शब्द बरोबर सातशे नव्वद.

ती वाचून म्हणाली, "दादा, हे माझं नाहीच की!"

सुरुवात 'पाणी म्हणजे जीवन' अशी. पुढं 'लहानपणापासूनच मला निसर्गाची ओढ होती.' तिच्या मूळ मजकुरातलं जवळपास काहीच शिल्लक नव्हतं. वर, एका संस्थेत दोन वर्षं स्वयंसेवक म्हणून काम केल्याचं घुसडलेलं. ती अशा कुठल्याही संस्थेत कधी गेलेली नाही. पीडीएफमधली दोन-तीन वाक्यं अवतरणचिन्हांत टाकून गुगलवर शोधली, तर नमुना एसओपींच्या एका साइटवर जशीच्या तशी सापडली.

यातला धोका मोठा आहे. मजकूर स्वतःचा आणि माहिती खरी असल्याचं अर्जात विद्यार्थीच लिहून देतो. चोरी किंवा खोटेपणा उघडकीला आला की अर्ज त्याचा बाद होतो, कन्सल्टन्सीचं नाव कुठंच येत नाही.

खरी छाटणी झालीय की नाही हे ओळखायला वर्डची फाइल मागा, तीही ट्रॅक चेंजेस चालू ठेवलेली. काय खोडलं, काय घातलं ते त्यात रंगानं दिसतं. आम्ही मागितली तर "आमच्याकडं तशी पद्धत नाही" असं उत्तर आलं. कशी असणार? खोडायला त्यांनी मूळ फाइल उघडली असेल तर ना.

मग आम्ही दोघांनी घरीच छाटायला घेतलं. दहावी-बारावीचे टक्के, बक्षिसं, विषयांची यादी आधी गेली, कारण ते सगळं सीव्हीत आणि गुणपत्रिकेत असतंच. 'आपलं जगप्रसिद्ध विद्यापीठ' हा परिच्छेदही गेला. त्याऐवजी तिथल्या भूजल मॉडेलिंगच्या विषयाचा तिला नेमका काय उपयोग, एवढी दोन वाक्यं राहिली. 'मला मोजणी करण्याची संधी प्राप्त झाली' याचं 'मी मोजणी केली' झालं. अशा वाक्यांतूनच शंभरेक शब्द सुटले.

घोडं अडलं ते दुष्काळाच्या परिच्छेदावर. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर घेऊन. तेव्हा ती शाळेत होती. यावर तिनं दोनशेहून जास्त शब्द लिहिले होते: रेल्वे, स्टेशनवरची गर्दी, टँकरची रांग, आणि शेवटी दोन ओळींत आमचा बोअर. मला रेल्वे ठेवावीशी वाटत होती, ऐकायला जबरदस्त आहे. पण ती गोष्ट अख्ख्या लातूरची. लातूरचं कुठलंही पोरगं ती लिहू शकतं.

बोअरचं तसं नाही. पप्पांनी सहाशे फूट खोदलं, धूळच निघाली. शेजारच्या काकांना हाकेच्या अंतरावर दोनशे फुटांतच पाणी लागलं. असं का, हे तिला तेव्हा कुणीच सांगू शकलं नाही. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरात असतं, भेग चुकली की कितीही खोल जा, बोअर कोरडाच, हे तिला इंजिनिअरिंगला आल्यावर कळलं. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तिनं त्यावरच केला, गावातल्या विहिरींची पातळी पावसाळ्याआधी आणि नंतर मोजून. म्हणून रेल्वेला एकच वाक्य दिलं, बोअरला चार, आणि त्याला लागूनच प्रोजेक्ट. परिच्छेद नव्वद शब्दांवर आला. पप्पांचं "आपल्या नशिबात खडकच" हे वाक्य तिनं काढू दिलं नाही, आणि ते बरंच झालं.

शेवटी तिनं सगळं मोठ्यानं वाचलं. जिथं जीभ अडखळली ते शब्द बहुतेक माझे होते, ते बदलले. सातशे ऐंशीवर थांबलो.

पैसे मागितले तर त्यांनी पावतीवरचं 'रक्कम परत मिळणार नाही' दाखवलं. आम्ही 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय. पावती, व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि दोन्ही मजकूर जपून ठेवलेत.

जास्त काळजी वेगळीच आहे. तिची साडेतेराशे शब्दांची मूळ फाइल अजून त्यांच्याकडं आहे. आमचा बोअर उद्या दुसऱ्या कुणाच्या एसओपीत गेला, तर नक्कल तिनंच केली असं दिसेल. म्हणून मजकूर कुठंही वापरू नका असं त्यांना ईमेलनं लेखी कळवलं. सोबत तिच्या मूळ फाइलची प्रत जोडली, म्हणजे ती आधी कुणाची होती हे तारखेसकट नोंदलं जाईल. उत्तर अजून आलेलं नाही.