हजेरीवहीतून महिन्याचा तक्ता: थेट भरावा की नोंदींतून तयार करावा?

डिचोलीसारख्या ठिकाणच्या एखाद्या लहान काजू कारखान्यात 18 कामगार आहेत असे समजा. त्यांच्या छापील हजेरीवहीत दिवसाला एक पान असते, नावांचा क्रम ठरलेला असतो आणि पानाच्या तळाशी मुकादमाने त्या दिवसाची उपस्थिती लिहिलेली असते. डिसेंबर 2025 च्या वेतनासाठी यातून एक्सेलमध्ये एक तक्ता हवा आहे, ज्यात तारखा आडव्या, नावे उभी आणि शेवटी बेरजा असतील. चार रविवार आणि 3, 19 व 25 डिसेंबरच्या सुट्ट्या वजा केल्यावर 24 कामाचे दिवस, म्हणजे 432 चौकटी उरतात.

पहिला मार्ग थेट भरण्याचा. A स्तंभात दुसऱ्या ओळीपासून नावे आणि B1 ते AF1 मध्ये तारखा घ्याव्यात. हजर असल्यास P, गैरहजर असल्यास A, अर्ध्या दिवसासाठी HD आणि सुट्टीसाठी H लिहावे. एक पान म्हणजे एक स्तंभ असल्यामुळे प्रत्येक खुणेनंतर एंटर दाबत खाली उतरता येते. कामगाराचे वेतनयोग्य दिवस AG2 मध्ये असे मिळतात:

```
=COUNTIF(B2:AF2,"P")+0.5*COUNTIF(B2:AF2,"HD")
```

P च्या पुढे चुकून मोकळी जागा टंकली गेली तर ती चौकट मोजली जात नाही, आणि डोळ्यांना मात्र P दिसत राहतो. म्हणून शेजारी चारही खुणांची एकत्रित मोजणी ठेवावी. ती 31 आली नाही, तर त्या ओळीत काहीतरी बिघडले आहे हे लगेच कळते. वहीतली एखादी कोरी चौकट नजरेतून सुटली, तर खालच्या सगळ्या खुणा एक ओळ वर सरकतात, परंतु स्तंभाची शेवटची चौकट रिकामी राहिल्यामुळे तेही लपत नाही.

दुसरा मार्ग फक्त अपवाद नोंदवण्याचा. Nond नावाच्या वेगळ्या शीटवर तारीख, नाव आणि खूण असे तीन स्तंभ करून केवळ A आणि HD लिहावेत. महिन्यात 29 गैरहजेऱ्या आणि 6 अर्धे दिवस असतील, तर 432 ऐवजी 35 ओळींत काम भागते. तक्त्यात B2 पासून हे सूत्र पसरावे आणि सुट्टीच्या सात स्तंभांत त्याऐवजी H लिहावे:

```
=IF(COUNTIFS(Nond!$A:$A,B$1,Nond!$B:$B,$A2,Nond!$C:$C,"A")>0,"A",
IF(COUNTIFS(Nond!$A:$A,B$1,Nond!$B:$B,$A2,Nond!$C:$C,"HD")>0,"HD","P"))
```

वेळ वाचतो हे खरे, पण या मार्गाची चूक मुकी असते. तक्त्यात ‘नाईक’ आणि नोंदीत ‘नाइक’ असे झाले की नोंद जुळत नाही, आणि गैरहजर माणूस हजर दिसतो. शीर्षकात पूर्ण तारखेऐवजी नुसते 1, 2, 3 हे आकडे असले, तर एकही नोंद जुळत नाही आणि साऱ्या कारखान्याला P लागतो! (पूर्ण तारीख ठेवून चौकटीचे स्वरूप केवळ दिवस दिसेल असे करता येते.) यावर उपाय असा की तक्त्यातल्या A आणि HD यांची एकूण संख्या Nond मधल्या ओळींशी ताडून पाहावी. इथे 35 ऐवजी 34 आले, तर एक नोंद हरवली आहे किंवा दोनदा लिहिली गेली आहे. सर्व जुळल्यास P ची संख्या 397 आणि वेतनयोग्य दिवस 397 अधिक 3, म्हणजे 400 येतात. नोंद करायचीच राहून गेली असेल, तर मात्र ही तपासणी तिला पकडत नाही.

मोबाइलवर छायाचित्र काढून तक्ता मिळवण्याची सोय एक्सेलमध्ये आहे, तथापि सह्यांच्या वहीसाठी ती बाजूला ठेवावी, कारण सही झाली आहे की नाही हे शेवटी माणसालाच पाहावे लागते.

दोन्ही मार्गांत मुकादमाचा तळाचा आकडा तक्त्यातील स्तंभाच्या बेरजेशी ताडावा, मात्र अर्धा दिवस तो कसा मोजतो हे आधी विचारून घ्यावे. ही बेरीज संख्या पकडते, व्यक्ती नव्हे: सहाव्या ओळीतली गैरहजेरी सातव्या ओळीत गेली तरी आकडा तोच राहतो, त्यामुळे A असलेली नावे एकदा वहीतून मोठ्याने वाचून घेणे टाळता येत नाही.

माझ्या मते रोजंदारीचे वेतन या तक्त्यावरून निघणार असेल आणि नावे पंचवीसच्या आत असतील, तर थेट भरणेच बरे, कारण तिथे राहून गेलेली गोष्ट रिकामी दिसते; अपवादांच्या मार्गात तीच गोष्ट हजेरी बनते. सगळीकडे आधी P ओढून मग बदल करण्याची सवय अनेकांना असते, तिच्यातही हाच धोका आहे. नावे शंभराच्या घरात असतील, किंवा रजेचे अर्ज उशिरा येऊन दुरुस्त्या वारंवार होत असतील, तर अपवादांची यादी उपयोगी पडते, कारण चौथ्या स्तंभात दुरुस्तीचे कारण लिहिता येते. अशा वेळी नावाऐवजी वहीतला कामगार क्रमांक वापरावा, म्हणजे ‘नाईक’ आणि ‘नाइक’ हा प्रश्नच उरत नाही. लोक येतील त्या क्रमाने सही करत असतील, तर दुसऱ्याच मार्गाने पण उलट जावे: हजर असलेल्यांचीच यादी करून उरलेल्यांना A द्यावा. टंकन वाढते, परंतु सुटलेली नोंद गैरहजेरी म्हणून दिसते आणि ज्याचे वेतन कापले जाते तो कामगार स्वतःच विचारायला येतो.