गेटवेचे पैसे वहीत कसे घ्यावेत : खात्यात आले तेवढेच, की बिलाची पूर्ण रक्कम?

बेळगावात शहापूर-वडगावच्या साड्या आता दुकानाच्या गादीवरून विकल्या जातात तशा मोबाइलवरूनही जातात. स्वतःची छोटी वेबसाइट, तिला जोडलेला पेमेंट गेटवे आणि कुरिअरवाला, एवढ्यावर धंदा चालू होतो. वही मात्र जुन्याच सवयीने लिहिली जाते : बँकेत जमा दिसली की ती विक्री. रोखीच्या दुकानात हे खपून जायचे, कारण गिऱ्हाइकाने दिले तेवढेच गल्ल्यात पडायचे. गेटवे मात्र आधी आपले शुल्क कापतो, मग दोन-तीन दिवसांनी उरलेले पाठवतो, आणि मध्येच कुणाला पैसे परत केले असतील तर तेही त्याच पाठवणीतून वजा करतो.

म्हणून निवड करायची ती दोन पद्धतींत. निव्वळ पद्धतीत बँकेत आलेली रक्कम हीच विक्री धरायची. पूर्ण पद्धतीत बिलाच्या दिवशी बिलाची पूर्ण रक्कम विक्रीला जमा करायची, गेटवेकडून ती येणे दाखवायची, आणि शुल्क व परतावा यांच्या नोंदी वेगळ्या करायच्या. एकच ऑर्डर दोन्हीकडून लिहून पाहू.

शिनोळीच्या एका बाईंनी दोन साड्या मागवल्या. किंमत 6,000 रुपये, वर 5 टक्के जीएसटी 300, बिल 6,300 रुपयांचे. शिनोळी बेळगावला लागूनच असली तरी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. पार्सल राज्याबाहेर गेले, म्हणून कर आयजीएसटी. हेच पार्सल निपाणीला गेले असते तर अंतर कितीतरी जास्त, पण कर सीजीएसटी आणि एसजीएसटी असा निम्मा-निम्मा. सीमाभागात ही चूक फार होते, कारण शिनोळी कुणाला परराज्य वाटतच नाही. (जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर राज्याबाहेर माल विकताच येत नाही, तेव्हा वेबसाइट सुरू करण्याआधी तो प्रश्न मिटवा.)

गेटवेचे शुल्क करारात 2 टक्के आहे असे धरू. 6,300 वर 126 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 22.68, एकूण कपात 148.68. बँकेत आले 6,151.32. चार दिवसांनी बाईंचा फोटो आला : एका साडीच्या काठात धागा तुटलेला. साडी त्यांनी ठेवून घेतली आणि 1,000 रुपये किंमत कमी करायचे ठरले. कर धरून 1,050 परत.

निव्वळ पद्धतीत नोंद एका ओळीत संपते :

```
बँक खाते              नावे  6,151.32
  विक्री खाते          जमा            5,858.40
  देय आयजीएसटी        जमा              292.92
```

परताव्याची नोंदच होत नाही. 1,050 रुपये पुढच्या पाठवणीतून गेटवे कापून घेतो आणि ते दुसऱ्याच कुणाच्या तरी विक्रीत बुडून जातात. त्या दिवशी 4,200 रुपयांचे एक बिल निघाले असेल, तर त्यातून 84 रुपये शुल्क, 15.12 त्यावरचा कर आणि वर हे 1,050 वजा होऊन बँकेत 3,050.88 दिसतात. सहा महिन्यांनी कुणी विचारले की 4,200 चे बिल आणि बँकेत एवढे कमी का, तर वहीत उत्तर नाही.

पूर्ण पद्धतीत याच व्यवहाराच्या तीन नोंदी होतात. बिलाच्या तारखेला :

```
गेटवे येणे खाते        नावे  6,300.00
  विक्री खाते          जमा            6,000.00
  देय आयजीएसटी        जमा              300.00
```

बँकेत रक्कम आली त्या तारखेला :

```
बँक खाते              नावे  6,151.32
गेटवे शुल्क खाते       नावे    126.00
इनपुट सीजीएसटी       नावे     11.34
इनपुट एसजीएसटी       नावे     11.34
  गेटवे येणे खाते      जमा            6,300.00
```

गेटवे कंपनीने बिल कर्नाटकातल्या नोंदणीवरून दिले असेल तर कर असा दोन भागांत येतो. दुसऱ्या राज्यातल्या नोंदणीवरून दिले असेल तर पूर्ण 22.68 इनपुट आयजीएसटी. अंदाज करू नका, त्यांच्या बिलावर काय छापले आहे ते बघा.

परताव्याच्या दिवशी आधी क्रेडिट नोट, मग नोंद :

```
विक्री सूट व परतावा    नावे  1,000.00
देय आयजीएसटी        नावे     50.00
  गेटवे येणे खाते      जमा            1,050.00
```

विक्री खात्यातूनच 1,000 वजा केले तरी नफा तोच येतो. तरी मी वेगळे खातेच सुचवेन, कारण वर्षाअखेरीस सदोष मालापायी किती गेले हे त्या एका आकड्यावरून कळते आणि विणकराशी बोलताना तो हातात असतो. साडी ग्राहकाकडेच राहिली, म्हणून साठ्याची नोंद नाही. साडी परत आली असती तर साठाही वाढवावा लागला असता. क्रेडिट नोट विवरणपत्रात दाखवायला मुदत आहे : विक्री ज्या आर्थिक वर्षातली, ते संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरणपत्र भरले त्या तारखेपर्यंत, यातले जे आधी असेल ते. ती चुकली तर परत दिलेल्या पैशांवरचा कर तुमच्याच डोक्यावर बसतो.

परतावा दिला तरी गेटवे साधारणपणे आधी घेतलेले शुल्क परत करत नाही. म्हणून 126 रुपयांना हात लावायचा नाही, आणि परताव्याच्या प्रमाणात शुल्क उलटवायची नोंद करायची नाही. 5,000 च्या खऱ्या विक्रीवर 126 म्हणजे शुल्क 2.52 टक्के पडले. हा वाढीव भार पूर्ण पद्धतीतच दिसतो.

आता दोन्ही वह्या शेजारी ठेवा, फक्त या एका ऑर्डरपुरत्या. निव्वळच्या बाजूला पुढे कापले गेलेले 1,050 याच ऑर्डरच्या नावावर धरले आहेत.

| | निव्वळ | पूर्ण |
|---|---|---|
| बँकेत शेवटी उरले | 5,101.32 | 5,101.32 |
| विक्री, परतावा वजा जाता | 4,858.40 | 5,000.00 |
| दाखवलेला कर | 242.92 | 250.00 |
| गेटवे शुल्क | दिसत नाही | 126.00 |
| शुल्कावरच्या कराचे क्रेडिट | 0 | 22.68 |
| मालाची किंमत वजा करण्याआधी हाती | 4,858.40 | 4,874.00 |

बँकेची ओळ सारखीच आहे, म्हणून निव्वळवाला म्हणतो, ‘काय बिघडलं?’ बिघडले ते दोन ठिकाणी. बिलावर 250 रुपये कर ठरला असताना 242.92 दाखवला, म्हणजे 7.08 कमी भरले. आणि शुल्कावर भरलेला 22.68 कर, जो हक्काने वळता करून घेता आला असता, तो सोडून दिला. नियम मोडून 7.08 वाचवायचे आणि स्वतःचे 22.68 घालवायचे, म्हणजे ऑर्डरमागे 15.60 रुपयांचा तोटा, वर नोटीस यायची भीती. क्रेडिटला अर्थात अट आहे : गेटवेचे जीएसटी बिल तुमच्या नोंदणी क्रमांकावर असले पाहिजे आणि ते जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या GSTR-2B या विवरणात दिसले पाहिजे. गेटवेवर नाव नोंदवताना जीएसटी क्रमांक भरायचा राहून गेला असेल, तर पूर्ण पद्धत लिहूनही हे क्रेडिट मिळणार नाही. ज्याची जीएसटी नोंदणीच नाही, त्याने 148.68 सगळे शुल्काच्या खर्चात टाकावेत.

31 मार्चला फरक आणखी ठळक होतो. त्या दिवशीचे बिल, पैसे 2 एप्रिलला. निव्वळ पद्धतीत ती विक्री सरळ पुढच्या वर्षात जाते. पूर्ण पद्धतीत ती मार्चमध्येच राहते आणि ताळेबंदात गेटवे येणे खात्यावर शिल्लक दिसते.

पूर्ण पद्धतीची खरी किंमत म्हणजे वेळ. पण त्या बदल्यात गेटवे येणे खाते स्वतःच तपासनीस होते. पुढची 4,200 ची विक्री घ्या. 1,050 जमा असलेल्या खात्यावर 4,200 नावे पडले, शिल्लक 3,150 नावे. पाठवणी आली : बँक 3,050.88, शुल्क 84, कर 15.12, बेरीज 3,150. खाते शून्य. कोणत्याही दिवशी या खात्याची शिल्लक आणि गेटवेच्या डॅशबोर्डवरची न पाठवलेली, शुल्क कापण्याआधीची रक्कम जुळली पाहिजे. जुळत नसेल तर उरलेला आकडाच चूक सांगतो. 148.68 नावे उरले तर पहिल्या पाठवणीचे शुल्क लिहायचे राहिले. 1,050 नावे उरले तर परताव्याची नोंद राहिली. 1,050 जमा उरले तर परतावा दोनदा लिहिला गेला, एकदा डॅशबोर्ड बघून आणि एकदा पाठवणीचा तपशील बघून. हे टॅलीत दोन माणसे हात घालतात तिथे हमखास होते. एक प्रकार मात्र यातून सुटतो. चिडलेल्या गिऱ्हाइकाला शांत करायला मालक स्वतःच्या फोनवरून यूपीआयने पैसे पाठवतात. तो परतावा गेटवेला ठाऊकच नसतो, म्हणून त्याची जमा गेटवे खात्याला नव्हे, मालकाच्या भांडवल खात्याला करायची.

जीएसटी नोंदणी असेल तर निव्वळ पद्धत माझ्या मते पर्यायच नाही. तिथे निवड एवढीच की पूर्ण पद्धत ऑर्डरगणिक लिहायची की दिवसाच्या एकत्रित नोंदीने. दिवसाला चार-पाच साड्या जात असतील तर ऑर्डरगणिक लिहा. परताव्याची ऑर्डर एका झटक्यात सापडते. कुंदा किंवा काजूची पाकिटे रोज पन्नास जात असतील तर एकत्रित नोंद चालेल, फक्त राज्यातली आणि राज्याबाहेरची विक्री दोन ओळींत ठेवा, आणि परतावे त्या बेरजेतून वजा न करता वेगळेच लिहा. शुल्क रोज फोडायचा कंटाळा असेल तर महिनाभर कपात करासकट एका तात्पुरत्या खात्यावर ठेवा आणि गेटवेचे मासिक बिल आले की त्यावरून शुल्क आणि इनपुट कर वेगळे करा. महिन्याच्या शेवटी ते तात्पुरते खाते शून्य झाले नाही, तर बिलात न धरलेली एखादी कपात आहे, आणि त्याबद्दल गेटवेला मेल त्याच आठवड्यात गेलेला बरा.

नोंदणी नाही, महिन्याला चार ऑर्डर, सगळे गिऱ्हाईक खानापूर-बेळगावातले, अशा घरगुती धंद्याला निव्वळ लिहून काही दिवस निभावेल. तिथेही परतावा तेवढा वेगळ्या ओळीत लिहा.