फक्त स्टार्ट फ्रेम, स्टार्ट-एंड दोन्ही, की उलटा व्हिडिओ: एका पैठणीच्या डब्यावर तिन्ही करून पाहिलं

मामेभावाचं येवल्यात पैठणीचं दुकान आहे. त्याला रीलसाठी पाच सेकंदांची क्लिप हवी होती. पाटावर बंद डबा, झाकणावर दुकानाचं नाव, झाकण हळूच उघडतं आणि आत घडी घातलेला पदर दिसतो, बस्स. "एवढंच तर आहे, फोटो दे आणि व्हिडिओ बनव" असं तो म्हणाला, मीही म्हणलं दहा मिनिटांचं काम. अख्खा रविवार गेला. पण त्या रविवारात इमेज-टू-व्हिडिओमध्ये, म्हणजे एआयला फोटो देऊन व्हिडिओ बनवून घेताना, कुठला रस्ता कधी धरायचा हे नीट कळलं, म्हणून लिहितोय, कारण बरेच जण एंड फ्रेमचा, म्हणजे क्लिपचा शेवटचा फोटोही आपणच द्यायचा, पर्याय दिसला की टाकतातच आणि मग व्हिडिओ वितळल्यासारखा का दिसतो म्हणून डोकं खाजवत बसतात.

पहिला रस्ता सगळ्यांना माहिती आहे तोच, एक फोटो द्यायचा आणि हालचाल प्रॉम्प्टमध्ये लिहायची. बंद डब्याचा फोटो दिला, लिहिलं की झाकण मागच्या बाजूला हळू उघडतं, कॅमेरा स्थिर. झाकण छान उघडलं हो, सावलीसुद्धा बरोबर सरकली. पण आतून जी साडी निघाली ती आमची नव्हतीच! भावाच्या साडीला जांभळ्या पदरावर बांगडी मोर आहेत, म्हणजे गोल बांगडीत बसवलेले मोर, आणि नारळी काठ. मॉडेलनं काढलं कसलंतरी सोनेरी वेलबुट्टीचं लाल कापड. परत चालवलं तर हिरवं. प्रॉम्प्टमध्ये मोर लिहिले तर पिसारा फुलवलेला मोठ्ठा मोर आला. यात मॉडेलची चूक नाही, बंद डब्याच्या फोटोत पदर दिसतच नाही तर ते आणणार कुठून, अंदाजच करणार ना. आणि गिऱ्हाइकाला एक साडी दाखवून दुसरी देणं हे कुठल्याच दुकानाला परवडत नाही.

ठरवण्याचा पहिला प्रश्न मला तरी इथेच सापडला. क्लिपच्या शेवटी असं काही दिसणार आहे का, जे पहिल्या फोटोत नाही आणि जे हुबेहूबच असायला हवं? नसेल तर एंड फ्रेमच्या भानगडीत पडू नका. चहाच्या वाफा, समईची ज्योत, वाऱ्यावर हलणारा पदर, पाण्यावरच्या लाटा, असल्या गोष्टींना एंड फ्रेम दिली तर उलट नुकसान होतं. शेवटच्या फोटोत ज्योत ज्या आकारात आहे त्याच आकारात तिला येऊन थांबावं लागतं, मग शेवटचा अर्धा सेकंद ती कुणीतरी दोरीनं ओढल्यासारखी दिसते. माणसाचा चेहराही त्यातलाच. एंड फ्रेम एडिट करून बनवली असेल आणि चेहरा केसभर जरी बदलला असेल तर मध्ये एक क्षण तिसराच माणूस दिसून जातो.

दुसरा रस्ता मला नंतर सुचला पण सांगतो आधी, कारण तो फुकटचा आहे. उघड्या डब्याचा फोटो स्टार्ट फ्रेम म्हणून द्यायचा, प्रॉम्प्टमध्ये झाकण बंद होतंय असं लिहायचं, आणि आलेली क्लिप ffmpeg या फुकट कमांड-लाइन टूलनं उलटी करायची.

```
ffmpeg -i band.mp4 -vf reverse -an ughad.mp4
```

पदर एकदम बरोबर आला, मोर न मोर जागेवर, कारण यावेळी पदर दिलेल्या फोटोतच होता. पण झाकण उघडं असताना त्याची वरची बाजू पलीकडे वळलेली असते, म्हणजे दुकानाचं नाव त्या फोटोत नाही! उलटी क्लिप सुरू होते तेव्हा बंद झाकणावर देवनागरीसारखं दिसणारं काहीतरी अगम्य लिहिलेलं. भाऊ म्हणाला, "दादा, हे कुठल्या लिपीत आहे?" झाकण कोरं असतं तर मी इथेच थांबलो असतो, खरंच सांगतो. फक्त लक्षात ठेवा की उलटं करणं निर्जीव, सरकत्या गोष्टींनाच चालतं. वाफ खाली जाताना, चहा कपातून किटलीत जाताना किंवा माणूस मागे मागे चालताना लगेच ओळखू येतो.

म्हणजे आमच्या शॉटमध्ये नाव एका फोटोत आणि पदर दुसऱ्यात, दोन्ही फोटो देण्यावाचून पर्यायच नव्हता.

हे आत कसं चालतं ते थोडक्यात, कारण पुढच्या चुका त्यावरून समजतात. ही मॉडेलं एकामागून एक फ्रेम काढत जात नाहीत, ठिपक्यांच्या गोंधळापासून सुरुवात करून अख्खी क्लिप एकदमच साफ करत करत बनवतात. उदाहरणार्थ Wan2.1 चं जे पहिली-शेवटची फ्रेम घेणारं मॉडेल एप्रिल 2025 मध्ये खुलं झालं, त्यात आपले दोन फोटो दोन टोकांना बसवतात, मधली जागा रिकामी ठेवतात आणि सोबत एक मास्क जातो की ही दोन टोकं दिलेली आहेत, बाकीचं तू भर. त्यामुळे शेवटच्या फोटोचा परिणाम मध्यापर्यंत पोचतो. ComfyUI या आपल्याच संगणकावर मॉडेल चालवायच्या प्रोग्राममध्ये त्यासाठी WanFirstLastFrameToVideo नावाचा नोड आहे, त्यात `length` 81 ठेवला की सेकंदाला 16 फ्रेमनी साधारण पाच सेकंद होतात. आकडा चारच्या पटीत अधिक एक असाच लागतो, म्हणजे 33, 49, 81 वगैरे, कारण पहिली फ्रेम सोडून बाकीच्या चार-चारच्या गठ्ठ्यानं दाबल्या जातात. क्लिंग, लुमा, रनवे, गुगलचं व्हिओ, या सगळ्या ऑनलाइन सेवांनी दोन फ्रेमची सोय दिलेली आहे, स्वतःचं ग्राफिक्स कार्ड नसेल तर तिकडे करा, फोटोंची तयारी सगळीकडे तीच.

आणि खरं काम त्या तयारीतच आहे. माझा पहिला प्रयत्न माझ्याच आळसानं फसला. बंद डब्याचा फोटो शनिवारी संध्याकाळी काढलेला, उघड्याचा रविवारी सकाळी, फोन हातात धरून. डोळ्याला दोन्ही सारखेच वाटत होते. क्लिपमध्ये मात्र झाकण उघडलंच नाही, ते विरघळलं! पाट थोडा सरकला, उजेड पिवळ्याचा पांढरा झाला, आणि बंद झाकणातून उघडं झाकण धुक्यासारखं वर आलं. हे ओळखायला पूर्ण क्लिप दहा वेळा बघायची गरज नाही, बरोबर मधली फ्रेम, 81 फ्रेममध्ये शून्यापासून मोजून 40 वी, काढून बघा.

```
ffmpeg -i clip.mp4 -vf "select=eq(n\,40)" -frames:v 1 madhli.png
```

मधल्या फ्रेममध्ये झाकण अर्धं उघडलेलं, कडा स्पष्ट असं दिसलं तर हालचाल झालीय. दोन झाकणं एकावर एक पुसट दिसली तर ती हालचाल नाही, नुसता डिझॉल्व्ह आहे, आणि त्यावर प्रॉम्प्ट बदलत बसून काही होत नाही, फोटो बदलावे लागतात. मॉडेलला दोन फोटोंमधला प्रत्येक फरक पाच सेकंदांत कुठेतरी पार पाडायचा असतो, तुम्हाला हवा तो फरक आणि चुकून राहिलेला फरक यात त्याला भेद कळत नाही.

मग ट्रायपॉड लावला, फोनमध्ये फोकस आणि एक्स्पोजर लॉक केलं, पडदे ओढून एकच दिवा ठेवला, आणि दोन फोटोंच्या मध्ये फक्त झाकणाला हात लावला. दोन्ही फोटो आधीच त्याच मापाला कापून घेतले, 1280 बाय 720, नाहीतर टूल आपल्या मनानं कापतं आणि शेवटी हलकासा झटका बसतो. प्रॉम्प्टमधून डब्याचं, साडीचं वर्णन बरंचसं काढून टाकलं. दोन टोकं फोटोंनी सांगितलीच आहेत, शब्दांनी फक्त मधला रस्ता सांगायचा: झाकण मागच्या बिजागरीवर फिरतं, हळू सुरू होतं, कॅमेरा हलत नाही, बाकी काही हलत नाही.

यावेळी झाकण झाकणासारखं उघडलं. नाव नीट, शेवटचा पदर नीट. पण मध्ये, झाकण बोटभर उघडल्यापासून ते जवळपास पूर्ण उघडेपर्यंत, आतलं कापड फिकट, बिनमोराचं होतं आणि मग मोर हळूहळू उगवले. म्हणजे एंड फ्रेम शेवट पक्का करते, मधलं अजूनही अंदाजानंच भरलं जातं. जेवढी गोष्ट मध्ये जास्त वेळ दिसणार तेवढा धोका जास्त.

यावर दोन उपाय. एक म्हणजे वेळ कमी करणं, 81 ऐवजी 49 फ्रेम, तीन सेकंद, मॉडेलला भरकटायला जागाच कमी. दुसरा म्हणजे मधला फोटोही आपणच देणं. मी दुसरा केला. झाकणाला मागून पट्टीचा टेकू देऊन अर्धवट उघडा फोटो काढला (टेकू दिसत नव्हता, नाहीतर तोही साडीसोबत विकावा लागला असता) आणि दोन क्लिपा केल्या. बंद ते अर्धा 33 फ्रेम, अर्धा ते पूर्ण 49. जोडताना मधली फ्रेम दोन्हीकडे येते, एक उडवायची, म्हणजे परत 81. आता मोर पहिल्या फटीपासून मोरच होते.

याचीही किंमत आहे. जोडावर झाकण किंचित रेंगाळतं, कारण दोन्ही क्लिपांना तिथे येऊन टेकायचं असतं आणि पहिलीचा वेग दुसरीला कळत नाही. झाकण अर्ध्यावर क्षणभर थांबलं तर खटकत नाही, उलट उत्सुकता वाढते, पण धावणाऱ्या माणसाला किंवा फिरणाऱ्या कॅमेऱ्याला हाच जोड लगेच उघडा पडतो. तिथे जोडाच्या आजूबाजूच्या पाच-सहा फ्रेम एडिटरमध्ये थोड्या वेगानं चालवून बघा, किंवा सरळ तिथे कट मारा. मात्र तुकडे जोडायचेच असतील तर आधीच्या क्लिपची बनलेली शेवटची फ्रेम पुढच्याला देण्यापेक्षा मूळ फोटो द्या, बनलेली फ्रेम थोडी मऊ झालेली असते आणि तीन-चार जोडांनंतर रंगही सरकतो.

फिरणारी वस्तू असेल तर अजून एक. तांब्याचा पुढचा फोटो आणि बरोबर मागचा फोटो दिला तर डावीकडून फिरायचं की उजवीकडून हे त्या दोन फोटोंत कुठेच लिहिलेलं नसतं. कधी अर्धा इकडून अर्धा तिकडून असा चमत्कार होतो. पाव वळणापेक्षा जास्त फरक एका क्लिपमध्ये ठेवू नका, मधला फोटो घाला.

आणि ज्यांच्याकडे खरी वस्तू समोर नाही, नुसतं एक चित्र आहे, त्यांनी एंड फ्रेम वेगळी बनवायच्या आधी फक्त स्टार्ट फ्रेमवर चार-पाच क्लिपा काढून बघा. त्यातल्या एखादीत कुठेतरी मनासारखी फ्रेम सापडते, ती काढा, बिघडलेलं काही असेल तर दुरुस्त करा आणि तीच एंड फ्रेम म्हणून द्या. त्याच उजेडात, त्याच कोनातून आलेली असते, त्यामुळे वितळण्याचा त्रास बराच कमी होतो.

भावानं क्लिप बघितली आणि म्हणाला छान आहे, आता हिरव्या पैठणीची पण कर. ट्रायपॉड मी हलवला नव्हता, म्हणून ती दुसरी खरंच तासाभरात झाली.