गोदाघाटाचा फोटो, जलरंगाची शैली: एज मॅप घ्यावा की डेप्थ मॅप?

रामकुंडाजवळून काढलेला फोटो समजा. पुढे पायऱ्या, मधे शेंदरी दुतोंड्या मारुती, मागे देवळं आणि घरांची गर्दी, खाली हलतं पाणी. त्याचं पावसाळी संध्याकाळचं जलरंगचित्र करायचंय, पण बघणाऱ्या नाशिककराला जागा लगेच ओळखू यायला हवी. स्टेबल डिफ्यूजन या चित्र बनवणाऱ्या एआय मॉडेलला फोटो देऊन त्यावरूनच नवं चित्र मागायचं, म्हणजे नुसत्या इमेज-टू-इमेजने, हे जमवणं कठीण. डीनॉइझिंग, म्हणजे मूळ फोटो किती बदलू द्यायचा ते प्रमाण, कमी ठेवलं तर फोटोच उरतो, वाढवलं तर घाट भलतीकडचा होतो. म्हणून २०२३ मध्ये आलेलं कंट्रोलनेट वापरायचं. ते मूळ दृश्याचा एक नकाशा मॉडेलला धरायला देतं. नकाशा कोणता द्यायचा, हे आपण ठरवायचं.

एज मॅपमध्ये काळ्यावर पांढऱ्या रेषा असतात. कडा शोधणाऱ्या कॅनी पद्धतीत दोन उंबरठे असतात. वरच्यापेक्षा ठळक कड थेट घेतली जाते, खालच्यापेक्षा फिकी सोडली जाते आणि मधली कड ठळक कडेला जोडलेली असेल तरच टिकते. स्टेबल डिफ्यूजन १.५ साठी फोटो ७६८×५१२ करून १०० आणि २०० पासून सुरुवात करा:

```python
import cv2
img = cv2.imread("ghat.jpg")
img = cv2.resize(img, (768, 512),
                 interpolation=cv2.INTER_AREA)
img = cv2.GaussianBlur(img, (5, 5), 0)
cv2.imwrite("edge.png", cv2.Canny(img, 100, 200))
```

फोटो इथे मुद्दाम रंगीत वाचला आहे. आधी करडा केला तर शेंदूर आणि मागचा दगड सारख्याच उजेडाचे ठरू शकतात, आणि मारुतीची बाह्यरेषाच गायब होते. फोटो ३:२ नसेल तर आधी कापून घ्या, ताणू नका.

शिखराची घडण, कमानी, पायऱ्यांच्या सरळ कडा हे सगळं एज मॅप उत्तम राखतो. त्याचा दोष असा की महत्त्वाची रेषा कोणती, हे त्याला कळत नाही. पाण्यावरच्या लाटा, पाट्यांवरची अक्षरं, विजेच्या तारा यांनाही तो तितकंच वजन देतो. मग चित्रात पाण्याच्या जागी भेगा पडलेली फरशी दिसते आणि पाट्यांवर निरर्थक गिचमीड उमटते. उंबरठे १५० आणि २५० केले तर लाटा कमी होतात, पण दूरच्या देवळांच्या फिक्या कडाही जातात. त्यापेक्षा नकाशाच कुठल्याही चित्र-संपादकात उघडून पाण्याचा भाग काळ्याने पुसणं चांगलं. तो पुन्हा देताना प्रीप्रोसेसर, म्हणजे फोटोतून नकाशा काढणारी पायरी, `none` ठेवा, नाहीतर रेषांच्याच कडा काढल्या जातात आणि प्रत्येक रेषा दुहेरी होते.

डेप्थ मॅप वेगळं सांगतो: जवळचं पांढरं, लांबचं काळं. मिडास किंवा डेप्थ एनिथिंग ही मॉडेलं एकाच फोटोवरून हा अंदाज बांधतात. त्यात रंग नाही, अक्षर नाही, लाट जवळजवळ नाही, त्यामुळे शैलीला मोकळं रान मिळतं. दगडाचा पोत जाऊन ओल्या रंगाचे ओघळ येतात, तरी मारुती पुढे आणि घरं मागे हे नातं टिकतं. तोटा पायऱ्यांवर दिसतो. कमी रिझोल्यूशनला त्या एकमेकींत मिसळून उतार बनतात. भिंतीवरचं उथळ कोरीवकामही तो गाळतो. पाण्यातलं प्रतिबिंब कधी खड्ड्यासारखं वाचलं जातं, म्हणून नकाशा आधी डोळ्यांनी तपासायला हवा. त्रिमिती सॉफ्टवेअरमधून नकाशा काढला तर जवळचं काळं येऊ शकतं. तो उलटवून घ्या, नाहीतर मागची घरं पुढे येतात.

या दृश्यासाठी आम्ही डेप्थ मुख्य आणि एज मदतीला असं सुचवतो. डेप्थचं वजन ०.८, शेवटपर्यंत. पाणी पुसलेल्या एजचं वजन ०.५, आणि `Ending Control Step` ०.६, म्हणजे साठ टक्के टप्पे झाले की एज थांबतो. रचना सुरुवातीच्या टप्प्यांत ठरते, पोत नंतर भरतो. एज शेवटपर्यंत ठेवला तर जलरंगातही पेनाने गिरवल्यासारखी कडक रेघ राहते. पायऱ्या तरीही वितळल्या तर एजचं वजन ०.७ करा. डेप्थ वाढवून उपयोग नाही, कारण जी पायरी त्याच्या नकाशातच नाही ती तो कुठून देणार?

एकच नकाशा वापरायचा असेल तर निवड अशी: एखाद्या देवळाचं रेखाचित्र किंवा कोरीवकाम हाच विषय असेल तर एज, दगडी वाड्याचं मातीचं किंवा कागदाचं रूप करायचं असेल तर डेप्थ, कारण साहित्य बदललं की जुन्या दगडांच्या सांध्यांच्या रेषा अडसर होतात.

चालवताना `mat1 and mat2 shapes cannot be multiplied` असं आलं, तर बहुधा स्टेबल डिफ्यूजनच्याच एसडीएक्सएल आवृत्तीच्या मॉडेलला १.५ चं कंट्रोलनेट जोडलेलं असतं. दोन्ही एकाच घराण्यातली हवीत. चूक न दाखवता चित्र भलतंच आलं, तर एज मॉडेलला डेप्थचा नकाशा दिला गेलाय का ते पाहा. तिथे संगणक तक्रार करत नाही.