कॅनव्हातली पार्श्वभूमी: चित्र करून ठेवावी की सुटे घटक लॉक करावेत?

दर आठवड्याच्या पोस्टसाठी एकच पार्श्वभूमी हवी असेल, तर दोन वाटा आहेत. पट्ट्या, आकार, लोगो मांडून त्याची PNG काढायची, ती पुन्हा अपलोड करायची आणि राइट क्लिक करून Set image as background निवडायचं. किंवा हेच घटक सुटे ठेवून प्रत्येकाला Lock लावायचं आणि दर वेळी पानाचं Duplicate करायचं.

रोजच्या मेहनतीत फारसा फरक नाही. चित्रातली पट्टी चुकून सरकणं शक्यच नाही. लॉक मात्र फाइल संपादित करणारा कुणीही उघडू शकतो.

खरी परीक्षा माप बदलताना होते. १०८० × १३५० पिक्सेलचं चित्र १०८० × १९२० च्या स्टोरीवर पार्श्वभूमी म्हणून लावलं, की ते उंचीला पुरण्यासाठी मोठं होतं आणि दोन्ही बाजूंनी सुमारे २२८ पिक्सेल पानाबाहेर जातात. कोपऱ्यातला लोगो हमखास गायब, शिवाय बारीक अक्षरं किंचित धूसर. सुटे घटक नव्या मापावर पुन्हा मांडावे लागतात, पण कापले जात नाहीत.

रंग बदलायचा तर चित्र नव्याने काढावं लागतं. सुट्या घटकांत Change all एका दमात काम करतं. फक्त त्याच फाइलमधली जुनी पानंही बदलतात, म्हणून आधी फाइलची प्रत काढलेली बरी.

एकच माप, ठरलेले रंग आणि बरेच हात लागणार असतील, तर चित्र घ्या. एकट्याने दोन-तीन मापांत पोस्ट करत असाल, तर मी लॉकच लावेन.