बोलकं घड्याळ की चाचपायचं?

अंध व्यक्तीला घड्याळ द्यायचंय? बोलक्या घड्याळाचं बटण दाबलं की ते वेळ सांगतं, शिकावं काहीच लागत नाही. पण बैठकीत ते सगळ्यांनाच ऐकू जातं आणि गर्दीच्या रस्त्यावर घालणाऱ्यालाच नाही.

चाचपायच्या घड्याळाची काच झाकणासारखी उघडते. बोटाला काटे आणि उठावाचे ठिपके जाणवतात. बाराजवळ सहसा जास्त ठिपके असतात. कुणाला पत्ता न लागता वेळ कळते, म्हणून माझं मत याच्याच बाजूने. मात्र बोट जोरात दाबलं तर काटा सरकतो, मग वेळ चुकीची. मधुमेहामुळे बोटं बधिर झाली असतील तर ठिपके जाणवतच नाहीत. तिथे बोलकंच घ्या, त्याची भाषा आधी ऐकून.