आप्पांचा पिन की आपले यूपीआय सर्कल?

भुसावळच्या एका मित्राचे वडील आप्पा विसरून दूधवाल्याला एकाच दिवशी तीनदा पैसे देऊन बसले. तेव्हा त्यांचा पिन आपण वापरावा, की त्यांना आपल्या यूपीआय सर्कलमध्ये, म्हणजे आपल्या खात्यातून घरच्यांना पैसे देऊ देणाऱ्या सोयीत, घ्यावे, असा त्याला प्रश्न पडला.

खर्च दोन्हीकडे नाही, मेहनतही पिन वापरण्यात कमी. जबाबदारीच्या बाबतीत मात्र फरक मोठा आहे. पिन दुसऱ्याला देणे हा बँकेच्या लेखी ग्राहकाचा निष्काळजीपणा ठरतो आणि रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार, त्यातून झालेले नुकसान बँकेला कळवीपर्यंत ग्राहकालाच सोसावे लागते. शिवाय आप्पांचे पूर्ण खाते उघडे राहते.

सर्कलमध्ये मुलगा मुख्य वापरकर्ता आणि आप्पा दुय्यम. पैसे मुलाच्या खात्यातून जातात. पूर्ण अधिकार दिल्यास एका व्यवहाराला 5,000 आणि महिन्याला 15,000 रुपयांची कमाल मर्यादा असते, आपण ती कमी ठेवू शकतो. अंशतः अधिकारात प्रत्येक व्यवहाराला मुलाचा पिन लागतो, म्हणून दुसऱ्यांदा आलेली दुधाच्या पैशांची मागणी तिथेच नाकारता येते. फक्त मुलगा फोनजवळ हवा.

आप्पा अजून दुकानात जात असतील, तर अंशतः अधिकाराचे सर्कल योग्य. त्यांच्या पेन्शन खात्याला मात्र ते पोहोचत नाही. त्यासाठी, त्यांना समजून सही करता येते तोवरच, बँकेला विचारून सोय करावी; मुखत्यारपत्रावर विसंबू नये, कारण साधे मुखत्यारपत्र आकलनक्षमता गेल्यावर करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे संपते.